क्रेऑन–हायमॉन: एकेका ओळीची जुगलबंदी तालमीत नुसती भांडण का होते?

खिडकीतला_प्रेक्षक

सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'मधला बाप-लेकाचा प्रवेश मराठीत बसवतोय. बाप क्रेऑन थीबीचा राजा, त्याने अँटिगनीला मरणाची शिक्षा दिलीय, आणि तिच्याशी ज्याचं लग्न ठरलंय तो हायमॉन त्याचाच मुलगा. रूपांतर आमचंच आहे, इंग्रजी भाषांतरांवरून केलेलं. आधी क्रेऑनचं लांब भाषण, मग हायमॉनचं, आणि त्यानंतर दोघं एकेक ओळ बोलत भिडतात. ग्रीक नाटकाच्या अभ्यासात याला स्टिकोमिथिया म्हणतात, एवढं माहीत आहे.

अडचण अशी की भाषणं चांगली रंगतात आणि एकेका ओळीचा भाग आला की दोन माणसं नळावर भांडतायत असं वाटतं. तिसऱ्या ओळीलाच दोघांचा आवाज टिपेला जातो, पुढे चढायला जागाच उरत नाही. म्हणून अर्थपूर्ण विराम घालून पाहिले. आता तो तुकडा चार मिनिटं चालतो आणि झोप येते. वेग ठेवायचा की विराम? आणि या पद्धतीतून सत्ता कुणाची हे दिसतं असं सगळे म्हणतात, ते नेमकं कुठे दिसतं? मला तर दोघंही सारखेच बोलताना दिसतात.

आडगल्ली

साधा नियम आहे. प्रश्न विचारतो त्याच्या हातात सत्ता, उत्तर देतो तो खाली. पोलीस चौकशी आठवा. क्रेऑन राजा आहे, तो प्रश्न विचारतो, मुलगा उत्तरं देतो. क्रेऑनला शांत ठेवा, हायमॉनला तापवा. काम झालं.

यतिभंग

आडगल्ली, नियम अर्धा बरोबर आहे. तो जिथे पूर्ण लागू पडतो तो प्रवेश दुसरा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. इथे आधी मोजून पाहू.

ग्रीक संहितेत क्रेऑनचं भाषण 639 ते 680, म्हणजे 42 ओळी. कोरसच्या दोन ओळी. मग हायमॉन 683 ते 723, म्हणजे 41. पुन्हा कोरसच्या दोन. त्यानंतर क्रेऑन दोन ओळी बोलतो, हायमॉन दोन, आणि 730 पासून 757 पर्यंत काटेकोर एकास एक. एकूण 28 ओळी, प्रत्येकाला 14. कुणाचीही ओळ मधे तुटत नाही, कुणाला अर्धी ओळ जास्त मिळत नाही. शेवटी क्रेऑनला चार ओळी, हायमॉनला चार ओळी, आणि मुलगा निघून जातो.

म्हणजे तुम्हाला दोघं सारखेच बोलताना दिसतात हे अगदी बरोबर आहे. तसंच रचलंय. थीबीमध्ये बाप आणि लेक, राजा आणि प्रजा बरोबरीचे नाहीत. छंद मात्र दोघांना सारखीच जागा देतो. ओळींची मापं सारखी असल्यामुळे सत्ता कुणाची हे ओळीच्या लांबीत शोधून सापडत नाही. ते शोधायचं ओळीच्या आत: आधीच्या ओळीतला कोणता शब्द पुढच्याने उचलला आणि उचलून त्याचं काय केलं.

आता प्रश्न. क्रेऑनच्या 14 ओळींपैकी आठ प्रश्नार्थक आहेत आणि पहिल्या पाच तर पाचही. पण त्याला उत्तर नको आहे. ते 'म्हणजे?' छापाचे प्रश्न आहेत. चौकशी करणाऱ्याला उत्तर हवं असतं. क्रेऑनला उत्तर आलेलं सोसत नाही. उत्तर येत राहतं आणि प्रत्येक उत्तराने त्याच्या पायाखालची एकेक वीट निघते.

खिडकीतला_प्रेक्षक

'शब्द उचलणं' म्हणजे कसं? आमच्या संहितेत तरी तसं काही जाणवत नाही.

यतिभंग

जाणवणार नाही, कारण भाषांतरात हीच गोष्ट पहिल्यांदा मरते. मधल्या दहा ओळी मी ग्रीकवरून शक्य तितक्या सरळ मराठीत देतो. काव्य म्हणून नव्हे, सांगाडा दिसावा म्हणून.

क्रेऑन: मग ती याच रोगाने ग्रासलेली नाही का?
हायमॉन: नाही, असं थीबीचं सगळं नगर म्हणतं.
क्रेऑन: म्हणजे मी काय हुकूम काढायचे, हे मला नगर सांगणार?
हायमॉन: पाहिलंत, किती पोरासारखं बोललात आत्ता?
क्रेऑन: मग या भूमीवर मी दुसऱ्या कुणाच्या मताने राज्य करू?
हायमॉन: एका माणसाचं असतं, ते नगरच नव्हे.
क्रेऑन: नगर राज्यकर्त्याचंच मानतात ना?
हायमॉन: ओसाड भूमीवर एकटे छान राज्य कराल तुम्ही.
क्रेऑन: हा बघा, त्या बाईच्या बाजूने लढतोय.
हायमॉन: बाई तुम्ही असाल, तर. काळजी मला तुमचीच आहे.

'नगर' हा शब्द कसा फिरतो बघा. आणतो हायमॉन. क्रेऑन तो कुत्सितपणे परत फेकतो. हायमॉन त्याची व्याख्या करतो. क्रेऑन ती व्याख्या उलटवतो. आणि मग हायमॉन क्रेऑनचे 'भूमी' आणि 'राज्य' हे दोन शब्द, जे तीन ओळींपूर्वी क्रेऑननेच आणले होते, उचलून त्यांना 'ओसाड' आणि 'एकटे' जोडतो. वाद तिथे संपला. क्रेऑनकडे 'नगर' या शब्दावर बोलायला काही उरलं नाही, म्हणून तो 'बाई'वर उडी मारतो.

'पोरासारखं' ही ओळही अशीच. 726-727 मध्ये क्रेऑन म्हणतो की या वयात आम्ही एवढ्याशा पोराकडून शहाणपण शिकायचं का. हायमॉन तेव्हा नम्रपणे बोलतो: मी तरुण असलो तर वय बघू नका, केलेलं काम बघा. वयाचा मुद्दा तो आठ ओळी खिशात ठेवतो आणि 735 मध्ये काढतो. बापाला म्हणतो, पोरकट तुम्हीच.

तुमच्या भाषांतरात एका ओळीत 'शहर', दुसरीत 'जनता', तिसरीत 'राज्य', चौथीत 'प्रजा' असं असेल, तर नटांकडे एकमेकांना द्यायला काहीच नाही. मग ते आवाज देतात. तुमच्याकडचं नळावरचं भांडण बहुधा तिथून येतंय.

खिडकीतला_प्रेक्षक

आत्ता संहिता उघडून पाहिली. 'शहर', 'लोक', 'जनता' आणि 'राज्य'. चारही आहेत. पुनरुक्ती टाळायची म्हणून मुद्दाम वेगळे शब्द घातले होते.

कोरसमधला_चौथा

हे आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखंच नाही का? कलगी-तुऱ्यात एक फड कोडं घालतो, दुसरा सोडवतो, ज्याला सोडवता येत नाही तो हरला. डफ-तुणतुणं घालून हा प्रवेश तसाच करा की. लोकांना लगेच कळेल. कुणाकडे चांगल्या भेदिक लावण्या असतील तर मलाही हव्या आहेत, दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी.

यतिभंग

लावण्यांसाठी वेगळा धागा काढा, इथे सापडणार नाहीत. तुलना मात्र बघण्यासारखी आहे, कारण फरक कुठे आहे ते तिच्यात दिसतं. कलगी-तुऱ्यात एकाचा सवाल म्हणजे अख्खी रचना. समोरच्याला ती ऐकायला, जुळवायला आणि गायला वेळ असतो. कस लागतो तो ज्ञानाचा: शिव मोठा की शक्ती मोठी, पुराणातला अमुक दाखला कुठला. इथे वेळ एका ओळीचा, म्हणजे ग्रीकमध्ये साधारण बारा अक्षरांचा. कोडं नाही, ज्ञान नाही. समोरच्याच्या तोंडातला शब्द थंड व्हायच्या आत परत करायचा, एवढंच. डफ घातलात तर दोन ओळींच्या मधे वाद्य येईल आणि जोडच तुटेल.

खडीसाखर

संस्कृतातही भांडणं आहेत की. 'वेणीसंहार'च्या तिसऱ्या अंकात कर्ण आणि अश्वत्थामा भिडतात. 'सूतो वा सूतपुत्रो वा' तिथलंच. पण तिथे उत्तर म्हणजे पूर्ण श्लोक, चार चरणांचा. प्रत्येक जण आपला श्लोक संपवून, टाळ्या घेऊन थांबतो. तो श्लोक प्रसंगातून काढून भिंतीवर लावता येतो, आणि लोकांनी लावलाही. यतिभंग यांनी दिलेल्या ओळी अशा सुट्या काढता येत नाहीत. 'बाई तुम्ही असाल, तर' ही ओळ एकटी वाचली तर काहीच कळत नाही.

यतिभंग

खडीसाखर, हे फार नेमकं बोललात. याचा सगळ्यात टोकाचा नमुना याच प्रवेशात आहे, 748 आणि 749. क्रेऑन म्हणतो, 'तुझं हे सगळं बोलणं तिच्यासाठीच चाललंय.' हायमॉन म्हणतो, 'आणि तुमच्यासाठी, माझ्यासाठी, आणि पाताळातल्या देवांसाठी.' हायमॉनच्या ओळीला स्वतःचं क्रियापद नाही. 'साठी'चा अर्थ देणारा ग्रीक शब्दसुद्धा तिच्यात नाही. तो क्रेऑनच्या ओळीत आहे आणि हायमॉन नुसत्या विभक्ती त्याला लटकवतो. व्याकरणाच्या दृष्टीने तो बापाचंच वाक्य पूर्ण करतोय. क्रेऑनने वाक्य संपवलं असं त्याला वाटतं आणि मुलगा दाखवतो की ते संपलेलं नव्हतं.

इथे मराठीची सोय आहे. 'साठी' शेवटी येत असल्यामुळे ती चार वेळा वाजते. ही जोडी भाषांतरात बिघडवणं खरं तर कठीण आहे. पण 'मी न्यायासाठी बोलतोय' असं काही स्पष्टीकरण घातलंत, तर बिघडेल.

खिडकीतला_प्रेक्षक

आमच्याकडे आहे: 'नाही बाबा, मी तुमच्या, माझ्या आणि देवांच्या भल्याचं सांगतोय.' गेली ओळ.

नेपथ्यवाला

तालमीबद्दल थोडं. शब्द नीट झाले तरी नट ते वाया घालवू शकतात, आणि मराठीत त्याचं ठरलेलं कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नट सवयीने शेवटच्या शब्दावर वजन टाकतो. 'म्हणजे मला नगर सांगणार?' झालं, चेंडू बाहेर गेला. वजन 'मला'वर पाहिजे, आणि 'नगर' तर कानावर पडलंच पाहिजे, कारण पुढच्या ओळींना ते लागणार आहे.

म्हणून आधी कागदावर करायचं. छापलेल्या संहितेत प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीतून आलेल्या शब्दाखाली रेघ मारा. जो शब्द पहिल्यांदाच आला त्याला गोल करा. दोन्ही नटांच्या कागदावर दोघांच्याही खुणा हव्यात. मग पहिले चार-पाच दिवस अभिनय बंद. बसून, हलक्या आवाजात, फक्त रेघ आणि गोल ऐकू येतील असं वाचायचं. रेघेचा शब्द आला की तो समोरच्याने ज्या सुरात म्हटला त्याच सुरात उचलायचा आणि मग वळवायचा. सूर वेगळा लावला तर प्रेक्षकाला शब्द तोच आहे हे कळत नाही.

श्वास समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर घ्यायचा, स्वतःची पाळी आल्यावर नाही. नाहीतर प्रत्येक ओळीआधी अर्धा सेकंद हवा भरली जाते. 28 ओळींत ती चौदा सेकंदं होतात आणि ताल कुठे गेला ते कुणाला कळत नाही. बारा-पंधरा अक्षरांची मराठी ओळ घाई न करता म्हटली तर तीन सेकंदांच्या आसपास जाते. म्हणजे हा तुकडा दीड मिनिटात व्हायला हवा. तुमची चार मिनिटं म्हणजे अडीच मिनिटं विराम आहेत.

आणि आवाज. ओळी सारख्या, वेग सारखा, मग चढ कुठून येणार? शब्दांतून. नटांना सांगा की 740 पर्यंत खुर्चीतून उठायचंही नाही.

आडगल्ली

म्हणजे विराम एकही नको? सगळं मशीनगनसारखं?

नेपथ्यवाला

दोन जागा मी ठेवीन. पहिली 739 नंतर. 'ओसाड भूमीवर एकटे'ला उत्तर नाही, म्हणून पुढच्या ओळीत क्रेऑन मुलाशी बोलतच नाही. 'हा बघा' असं तिसऱ्या पुरुषात, कोरसकडे वळून बोलतो. त्या वळण्याला लागतो तेवढाच वेळ द्यायचा. समोरच्याला 'तू'वरून 'हा'वर ढकललं की समजायचं, डाव हातातून गेलाय आणि तो पंच शोधतोय. दुसरी जागा 751 नंतर.

यतिभंग

751 बद्दल सहमत. क्रेऑन म्हणतो, ती जिवंत असेपर्यंत तुझं तिच्याशी लग्न होणं नाही. हायमॉन म्हणतो, 'मग ती मरेल, आणि मरताना आणखी कुणाला तरी घेऊन जाईल.' 'कुणाला' म्हणजे तो स्वतः. क्रेऑनला वाटतं ही आपल्याला धमकी आहे. सगळ्या प्रवेशात शब्द झेलताना चुकला तो हा एकच, आणि नाटकाचा शेवट त्यावर उभा आहे. इथे अर्धा क्षण थांबलात तर प्रेक्षकाला क्रेऑनच्या आधी कळतं. न थांबता धावलात तर प्रेक्षकही क्रेऑनबरोबर चुकतो. दोन्ही चालेल, पण ठरवून करा.

त्यानंतर वारं फिरतं, ते ऐका. हायमॉन म्हणतो, पोकळ मतांविरुद्ध बोलणं ही कसली धमकी? क्रेऑनचं उत्तर: स्वतःचं डोकं पोकळ असताना मला अक्कल शिकवतोस, रडशील. 'पोकळ' हा शब्द आता मुलाने आणलाय आणि बाप उचलतोय. सुरुवातीला बहुतेक शब्द बापाचे आणि वळवणं मुलाचं होतं. आता राजा लेकाचे शब्द वापरून लढतोय. आणि 'शहाणपण' शिकवण्याची जी गोष्ट क्रेऑनने 727 मध्ये काढली होती ती 755 मध्ये त्याच्या अंगावर येते: 'तुम्ही बाप नसतात, तर म्हटलं असतं, तुमचं डोकं ठिकाणावर नाही.'

हस्तलिखितांत या शेवटच्या काही ओळींचा क्रम बरोबर आहे का यावर संपादकांत वाद आहे. काहींनी त्या पुढेमागे करून छापल्या आहेत. तुमची दोन इंग्रजी भाषांतरं इथे जुळत नसतील तर दचकू नका.

खडीसाखर

तुम्ही म्हणालात की आडगल्लींचा नियम दुसऱ्या एका प्रवेशात लागू पडतो. तो राहिला.

यतिभंग

हो. एस्किलसचा 'अ‍ॅगमेम्नॉन', इसवी सनपूर्व 458. ट्रॉय जिंकून राजा दारात आलाय. राणी क्लायटेम्नेस्ट्राने जमिनीवर जांभळी मौल्यवान वस्त्रं अंथरली आहेत आणि त्यांवरून चालत ये म्हणतेय. तो नाही म्हणतो: हा मान देवांचा, माणसाने त्यावर पाय देऊ नये. मग 931 पासून 943 पर्यंत तेरा ओळींत ती त्याला वळवते. सात ओळी तिच्या, सहा त्याच्या. पहिलीही तिची, शेवटचीही तिची.

ती विचारते: कधी संकटात भ्यायला असतास, तर हेच करण्याचा नवस देवांना बोलला असतास ना? तो म्हणतो, जाणत्या कुणी सांगितलं असतं, तर हो. ती विचारते: ट्रॉयच्या राजाने, प्रायमने, हा विजय मिळवला असता तर काय केलं असतं? तो म्हणतो, तो नक्की चालला असता यावरून. ही दोन्ही उत्तरं त्याला द्यावीच लागतात, कारण प्रश्नाला त्याने 'हा प्रश्नच गैर आहे' असं म्हटलं नाही. एका ओळीत तेवढी जागाच नसते. लांब भाषणात तो म्हणू शकला असता की प्रायमचा इथे काय संबंध. एकेका ओळीच्या खेळात विषय बदलायला ओळ खर्च करावी लागते, आणि ती खर्च केली तर उत्तर टाळलं असं दिसतं.

इथे प्रश्न विचारणारी जिंकते, आडगल्ली म्हणाले तशी. पण जिंकल्याची खूण प्रश्नात नाही, 942 मध्ये आहे. सगळ्या तुकड्यात अ‍ॅगमेम्नॉन तिथे पहिल्यांदाच प्रश्न विचारतो: या झगड्यातला विजय तुला खरंच एवढा मोलाचा वाटतो का? त्या क्षणी वस्त्रांचा मुद्दा गेला, देवांचा गेला, तिचं मन राखायचं का एवढाच उरला. ती म्हणते, ऐक माझं. आणि 944 मध्ये तो नोकराला म्हणतो, कुणीतरी माझी पायताणं सोडा.

आडगल्ली

बरं, पण मग 'अँटिगनी'त जिंकलं कोण? शब्दांनी हायमॉन जिंकला असेल, पण मुलीला मारण्याचा हुकूम फिरला का? नाही. पहारेकरी कुणाचे? क्रेऑनचे. तुम्ही ज्याला सत्ता म्हणता ती वह्यांमधली सत्ता झाली.

यतिभंग

हा प्रश्न योग्य आहे. माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे.

दोन्ही राजे शेवटी तालातून बाहेर पडतात, आणि बाहेर पडण्यासाठी दोघंही तेच करतात: समोरच्याला सोडून नोकराला हुकूम देतात. अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो पायताणं सोडा. क्रेऑन 757 नंतर चार ओळींचा भडका उडवतो आणि म्हणतो, आणा त्या द्वेषाच्या वस्तूला, याच्या डोळ्यांदेखत मरू दे. एकाचा हुकूम म्हणजे शरणागती, दुसऱ्याचा म्हणजे सूड. पण हुकूम द्यायला एकास एकचा नियम मोडावा लागला, हे दोन्हीकडे सारखं. पहारेकऱ्यांवर चालणारी सत्ता त्या 28 ओळींच्या आत चालत नव्हती, म्हणून त्याला बाहेर यावं लागलं.

757 वाचा. हायमॉन म्हणतो, 'तुम्हाला बोलायचंय, आणि बोलून झाल्यावर काही ऐकायचं नाही?' हा या खेळाचाच नियम आहे, आणि क्रेऑनला तोच नको आहे.

नेपथ्यवाला

आडगल्लींच्या बाजूने एक. रंगमंचावर पहारेकरी दिसत असतील तर 28 ओळी वेगळ्या ऐकू येतात. भालेवाले दोघे क्रेऑनमागे उभे असतील तर हायमॉनची प्रत्येक ओळ धाडस वाटते. ते नसतील तर उद्धटपणा. ग्रीक मूळात काय होतं ते सोडा, तुमच्याकडे ठरवावं लागेल.

खडीसाखर

मला वाटतं खरी पंचाईत मराठीची वेगळीच आहे, आणि ती अजून कुणी काढली नाही. ग्रीकमध्ये बापाला आणि राजाला एकच 'तू'. आपल्याकडे 'तुम्ही' की 'तू', हे प्रत्येक ओळीत ठरवावं लागतं. यतिभंग यांनी वरच्या ओळींत हायमॉनला सगळीकडे 'तुम्ही' दिलंय. तो 'तू'वर कधी येतो?

मी म्हणेन 741. 'बाई तू असशील, तर.' तिथे पहिला वार खरा लागतो. लेकाने बापाला 'तू' म्हटलं की मराठी प्रेक्षक सरसावून बसणारच. कोरसही न सांगता हलेल.

यतिभंग

मोह मलाही झाला होता. आड येते ती 755. 'तुम्ही बाप नसतात तर म्हटलं असतं' या वाक्याचा सगळा जोर यात आहे की तो अजून म्हणत नाहीये. चौदा ओळी आधीच 'तू'वर आलेला माणूस हे वाक्य बोलू शकत नाही. बोलला तर ते खोटं वाटेल. म्हणून 757 पर्यंत 'तुम्ही' कसोशीने टिकवायचं. त्यातून उलटा फायदाही होतो: 'तुम्ही' जितकं नीट, तितका शब्दांचा मार झोंबतो.

संबोधनंही जोडीला बघा. प्रवेशाच्या सुरुवातीला हायमॉनचं पहिलं वाक्य 'बाबा, मी तुमचाच' असं आहे. मोठं भाषणही 'बाबा'नेच सुरू होतं आणि मधे पुन्हा एकदा येतं. क्रेऑनही भाषणात 'बाळा' म्हणतो, दोनदा. 28 ओळींत ही दोन्ही हाकांची जोडी पूर्ण गायब आहे. क्रेऑनकडून येतं ते 'महानीचा'. मुलाकडून हाकच नाही. तुमच्या संहितेत मधे कुठे 'नाही बाबा', 'ऐका बाबा' असं घातलं असेल तर सगळं काढा. 'नाही बाबा' तर वर दिसलंच.

खडीसाखर

755 चा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. माणूस रागात 'तू'वर जाऊन पुन्हा 'तुम्ही'वर येतो. 741 ला 'तू', 743 ला परत 'तुम्ही', असं नट करू शकतो. ती घसरण आणि सावरणं दिसलं तर 755 उलट खरं वाटेल: एकदा तोल गेला होता, आता नाही जाऊ देणार.

नेपथ्यवाला

करता येईल, पण दीड मिनिटात प्रेक्षकाला ते लेखकाची चूक वाटण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला प्रेक्षकांत बसून बघा.

खिडकीतला_प्रेक्षक

संहिता पुन्हा लिहायला घेतली आहे. 'नगर' चारही ठिकाणी एकच केलं, मधले तिन्ही 'बाबा' काढले, 749 मधलं स्पष्टीकरण काढलं. आज नुसतं बसून वाचलं तर एक मिनिट पन्नास सेकंद झाली. 'तू'चं दोन्ही तऱ्हांनी वाचून बघतोय. एक राहिलं: शेवटी चार-चार ओळी झाल्यावर हायमॉन जातो तेव्हा क्रेऑनने त्याच्या मागे हाक मारावी असं नटाला वाटतंय. मारू द्यावी का? संहितेत तर नाही.

यतिभंग

नको. ती हाक सोफोक्लीजने पुढे ठेवली आहे. शेवटी दूत येऊन गुहेतलं सांगतो. आत अँटिगनी मेलेली आहे, हायमॉन तिला कवटाळून बसलाय, आणि क्रेऑन दारातून त्याला म्हणतो, 'बाहेर ये, बाळा, हात जोडून विनवतो.' 'बाळा' तिथे परत येतो. आणि दूत सांगतो, मुलाने रानटी नजरेने बापाकडे पाहिलं, तोंडावर थुंकला, आणि एक शब्दही उलट न बोलता तलवार उपसली. चौदा ओळींना चौदा ओळी परत करणाऱ्या मुलाबद्दल दूताने नेमकं हेच सांगितलंय, 'उलट न बोलता'. हाक इथे खर्च केलीत, तर तिथे ती दुसऱ्यांदा येईल.

खिडकीतला_प्रेक्षक

दूताच्या भाषणातले ते दोन शब्द आम्ही लांबी कमी करायची म्हणून कापले होते. परत घालतो.